शेताचं स्थानिक नाव

सातबारा उताऱ्याच्या वरच्या भागात, गाव, तालुका, जिल्हा आणि गट क्रमांकाच्या आसपास, एक रकाना असतो. त्यावर लिहिलेलं असतं : ‘शेताचे स्थानिक नाव’. पुष्कळ उताऱ्यांवर तो रिकामा असतो. तलाठ्याने कधीकाळी भरला असला तर तिथे ‘वडाचा माळ’, ‘विहिरीचं शेत’, ‘ओढ्याकाठची पट्टी’ असलं काहीतरी सापडतं. जमीन बिगरशेती होते, बिल्डर येतो, तिथे चार इमारती उभ्या राहतात आणि त्या रकान्यातलं नाव फाईलमध्ये मिटून जातं. त्याच्या जागी जे येतं त्यात बहुधा ‘ग्रीन’ असतं, ‘हाइट्स’ असतं, नाहीतर ‘व्ह्यू’ असतं. व्ह्यू कशाचा हे विचारायचं नसतं.

नव्या सोसायटीला नाव काय द्यावं, यावर बिल्डरच्या मार्केटिंगवाल्याने बराच विचार केलेला असतो, रहिवाशांनी मात्र जवळजवळ केलेलाच नसतो. मार्केटिंगवाल्याला नाव हवं असतं ते फ्लॅट विकले जाईपर्यंत. आपल्याला ते आयुष्यभर फोनवर सांगायचं असतं, लग्नपत्रिकेवर छापायचं असतं, आधार कार्डावर वागवायचं असतं. या दोन गरजा वेगळ्या आहेत, एवढं कळलं की पुढचं सोपं होतं.

मुंबईतली जुनी नावं बघा. चिंचपोकळी, फणसवाडी, वडाळा ही झाडांनी लावलेली नावं. खोताची वाडी माणसाच्या हुद्द्यावरून आली. गावदेवीला १९१५ साली सारस्वत मंडळींनी सहकारी गृहसंस्था नोंदवली, ती आपल्याकडच्या अशा संस्थांत अगदी सुरुवातीची. तिच्या नावात राहणाऱ्यांची जात-जमात आली, कारण त्या काळी भाड्याची खोली मिळवायलासुद्धा आपापल्या माणसांचा आधार लागे. वांद्रे पूर्वेला ‘साहित्य सहवास’ झाला तो लेखकांचा, शेजारचं ‘पत्रकार नगर’ पत्रकारांचं. अशा नावात पत्ताही असतो आणि ओळखही. ‘साहित्य सहवास’ म्हटलं की ऐकणाऱ्याला दोन गोष्टी एकदम कळतात : जागा एकच आहे आणि तिथे कोण राहत असेल. ‘आशीर्वाद’ म्हटलं की यातलं काहीच कळत नाही, आणि नकाशावर शोधलं तर आशीर्वादांची भली मोठी यादी समोर येते.

जात सांगणाऱ्या नावांचं दिवस भरले, ते बरंच झालं. डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वाड्यावस्त्यांची जातिवाचक नावं बदलण्याचा निर्णय घेतला. जुनं आहे म्हणून प्रत्येक नाव उचलावं असं नाही. सातबाऱ्यावरच्या त्या रकान्यातही असं काही निघू शकतं, किंवा ‘मसणवटीचं शेत’ निघू शकतं, आणि मग ते तिथेच ठेवलेलं चांगलं.

पण जमिनीचं नाव जपून काय साधतं हे पाहायचं तर पुण्यात हडपसरला जावं. तिथल्या मगरांनी आणि इतर शेतकरी कुटुंबांनी आपली सुमारे चारशे एकर जमीन एकत्र करून वसाहत उभी केली, आणि नाव ठेवलं ‘मगरपट्टा सिटी’. मगरांचा पट्टा. बाहेरगावच्या माणसाला पाण्यातली मगर आठवते, तरीही नाव एकदा ऐकलं की विसरत नाही. ‘मगरपट्टा’ दुसरीकडे कुठे नाही. रिक्षावाला, बसचा कंडक्टर, बंगळुरूहून आलेला इंजिनिअर, सगळे ते बिनचूक म्हणतात. आता त्याच वसाहतीच्या आतल्या सोसायट्यांची नावं बघा : डॅफोडिल, आयरिस, हेलिकोनिया, लॅबर्नम, रॉयस्टोनिया, ट्रिलियम, झिनिया. फुलाझाडांची आहेत, कल्पना नीटस आहे. पण ‘हेलिकोनिया’ हा शब्द गोंगाटात फोनवर एकदाच सांगून बघा. लॅबर्नमला मराठीत शेजारी आहे, बहावा. पिवळ्या फुलांचं ते झाड उन्हाळ्यात पुण्यात सगळ्यांनी पाहिलेलं असतं. वसाहतीचं नाव आपल्या तोंडचं आणि इमारतींची नावं परक्या तोंडची, असा हा मामला आहे.

सिंहगड रस्त्याच्या बाजूला नांदेड गावच्या शेतकऱ्यांनी याच धर्तीवर ‘नांदेड सिटी’ उभी केली. इथे आतली नावं रागांची आणि सुरांची : आसावरी, मधुवंती, सारंग, ललित, मंगल भैरव, शुभ कल्याण. कानाला गोड, उच्चाराला सोपी, आणि एकमेकांपासून इतकी वेगळी की ‘सारंग’ ऐकून कुणी ‘मधुवंती’ला पोचणार नाही. मला विचाराल तर पुण्यातल्या वसाहतींत यापेक्षा सुरेख नावं मी पाहिली नाहीत. पण इथे अडचण उलटी आहे, ती बाहेरच्या नावाची. नांदेड गाव खरंच तिथे आहे, म्हणून नाव खोटं नाही. तरी मराठवाड्यातलं नांदेड हे जिल्ह्याचं शहर, गुरुद्वारामुळे देशभर ठाऊक, आणि पुण्यापासून चारशेहून अधिक किलोमीटर दूर. परगावच्या नातेवाइकाला पत्ता सांगताना आधी ‘पुण्यातली’ हा शब्द लावावा लागतो. शिवाय ललित आधी लागतो की सारंग, हे रागांच्या नावांवरून कळत नाही. संगीत शिकलेल्यालाही नाही.

म्हणजे नावाला दोन मालक असतात. एक आत राहणारा, त्याला ते आपलं वाटायला हवं. दुसरा बाहेरून येणारा, त्याला ते एकदा ऐकून लिहिता, शोधता आणि ओळखता यायला हवं. पहिल्याची बाजू मांडायला सभेत दीडशे माणसं असतात. दुसरा सभेला येत नाही. म्हणून त्याची परीक्षा आपणच घ्यावी लागते, आणि ती कशी घ्यायची हे एका उदाहरणाने सांगतो.

समजा, पुण्याच्या कडेला, अठरा मीटर रुंदीच्या नव्या रस्त्यावर साडेतीन एकरांत चार इमारती झाल्या आहेत. एकशे साठ फ्लॅट. बिल्डरचं नाव इंग्रजी, त्यात ‘ग्रीन’ही आहे आणि ‘व्ह्यू’ही. लोकांनी नावं सुचवायला सुरुवात केली आणि चार उरली. बिल्डरचंच राहू द्या, असं काही जणांचं म्हणणं, कारण जाहिरातीमुळे ते लोकांना माहीत आहे. ज्येष्ठ मंडळींना ‘श्रीकृपा’ हवं. एका कवयित्री बाईंनी ‘ऋतुगंध’ सुचवलं. आणि एकाने करारनाम्याला जोडलेला जुना सातबारा काढून आणला. त्यातल्या रकान्यात लिहिलं होतं ‘उंबराची पट्टी’. त्यावरून त्याने नाव सुचवलं ‘उंबरमळा’, कारण ‘पट्टी’पेक्षा ‘मळा’ बरा दिसतो.

आता परीक्षा. पहिली कानाची. ज्याला ही नावं ठाऊक नाहीत अशा माणसाला फोन लावायचा. आपण रस्त्यावर उभं राहायचं, मागे वाहनं चालू द्यायची, आणि प्रत्येक नाव फक्त एकदा, नेहमीच्या आवाजात सांगायचं. त्याने ऐकू आलं तसं लिहून कळवायचं. असे पाच-सहा जण घ्यावेत, आणि त्यात निदान दोघे मराठी नसलेले असावेत, कारण सामान आणून देणारा पोरगा, कॅबचा ड्रायव्हर आणि सुतार हे आता बऱ्याचदा दुसऱ्या भाषेतले असतात. ‘ऋतुगंध’ इथे घसरतं. मराठी कानाला ‘ऋतू’ म्हणजे ‘रुतू’, हिंदी कानाला ‘रितू’, आणि लिहिताना एक जण Rutugandh लिहितो, दुसरा Ritugandh, तिसरा Rhutugandh. नाव सुंदर आहे, पण शोधायच्या चौकटीत ते तीन नावं होतं. ‘ज्ञ’ची गोष्ट अशीच. मराठी माणूस Dnyan लिहितो, हिंदी माणूस Gyan. ‘श्रीकृपा’ला Shree, Shri आणि Sri असे तीन दरवाजे, आणि त्या प्रत्येक दरवाजाआड आधीच एकेक श्रीकृपा बसलेली.

दुसरी परीक्षा नकाशाची. सुचवलेलं प्रत्येक नाव फोनवरच्या नकाशात टाकायचं, आधी नुसतं, मग ‘पुणे’ जोडून, आणि पंधरा-वीस किलोमीटरांत त्याला भाऊबंद किती आहेत ते पाहायचं. एकसुद्धा असला तरी त्रास आहे, आणि तो त्याच रस्त्यावर असला तर फारच. बिल्डरचं नाव इथे गळतं. त्याच बिल्डरने आणखी दोन प्रकल्पांना तोच पहिला शब्द लावलेला असतो आणि फरक फक्त शेवटच्या शब्दाचा असतो. येणारा माणूस पहिला शब्द ऐकतो आणि जवळचा पर्याय दाबतो.

‘उंबरमळा’ कानाच्या परीक्षेत पास झालं होतं. नकाशात टाकल्यावर वेगळंच निघालं. यादीत वरती येतं ते ‘उंबरमाळी’, म्हणजे कसाऱ्याच्या अलीकडचं मध्य रेल्वेचं स्थानक. रोमन लिपीत ‘मळा’ आणि ‘माळी’ यांत एका अक्षराचा फरक राहतो, आणि ‘ळ’ तर रोमनमध्ये ‘ल’ होऊनच जातो. दादरहून येणाऱ्या मामेभावाने घाईत पहिला पर्याय दाबला तर तो पुण्याऐवजी कसाऱ्याच्या दिशेला लागेल.

इथे बरेच जण नाव टाकून देतात आणि पुन्हा श्रीकृपाकडे वळतात. पण सातबाऱ्यावर ‘मळा’ नव्हताच. तिथे ‘पट्टी’ होती. ‘उंबरपट्टी’ म्हणून बघितलं तर गुंता सुटतो. दुहेरी ‘ट्ट’ फोनवर ठसक्यात ऐकू येतो. रोमनमध्ये Umbarpatti लिहा नाहीतर Umberpatti, शोधयंत्राला त्यातला एका स्वराचा फरक सहसा अडवत नाही, आणि त्या नावाचं स्थानकही जवळपास निघत नाही. सभेत कुणीतरी म्हणणारच की पट्टी जखमेवर बांधतात. म्हणू द्यावं. मगरपट्ट्यालाही मगर चावली नाही. आणि ज्येष्ठांना देवाचं नाव हवं होतं त्यांच्यासाठी सांगण्यासारखं आहे की उंबर म्हणजे औदुंबर, दत्ताचं झाड. एका नावात जमीन, झाड आणि देव असे तिघे बसले की सभा लवकर उठते.

एक सावधगिरी. नावात उंबर असेल तर आवारात एक उंबर असावा, नाहीतर पुढच्या पिढीला ते नाव ‘ग्रीन व्ह्यू’इतकंच पोकळ वाटेल. मात्र तो कुंपणभिंतीला आणि पाण्याच्या टाकीला लागून लावू नये. उंबराची मुळं बांधकामात शिरतात, आणि पिकलेली उंबरं खाली पडून गाड्यांवर सडतात. मोकळ्या कोपऱ्यात, पाखरांना खाता येईल असा लावावा.

आता आतल्या इमारतींची गोष्ट. इथे सगळे डोळे मिटून ए, बी, सी, डी करतात, आणि रात्री दोन वाजता रुग्णवाहिका चुकीच्या इमारतीखाली उभी राहते. हे मी स्वतः पाहिलं आहे. शेजारच्या आजोबांना श्वास लागला होता, सून फोनवर ओरडून ‘डी विंग, डी विंग’ सांगत होती आणि गाडी ‘बी’खाली थांबली. आजोबा वाचले, पण चार-पाच मिनिटं गेली. दोष कुणाचाच नव्हता. बी, सी, डी, ई, जी, पी, टी, व्ही ही सगळी अक्षरं ‘ई’वर संपतात, आणि फोनमध्ये पहिलं व्यंजन जरा दबलं की मागे उरते ती नुसती ‘ई’. आठ विंगा ए ते एच केल्या तर त्यातल्या पाच या गटातल्या निघतात.

नावं दिली तर हा गोंधळ जातो, पण नांदेड सिटीतला प्रश्न येतो : क्रम कळत नाही. त्यासाठी दोन्ही जोडावीत. फाटकातून आत शिरल्यावर लागणारी पहिली इमारत १, मग २, ३, ४, आणि प्रत्येकीला एक नाव. नावं अशी निवडायची की पहिलं अक्षर वेगळं, लांबी वेगळी, शेवटही वेगळा. ‘बकुळ’ आणि ‘बहावा’ एकत्र नकोत, दोन्ही ‘ब’पासून. ‘कदंब’ आणि ‘कवठ’ नकोत. ‘१ बकुळ, २ कदंब, ३ शिरीष, ४ आपटा’ चालेल. घरी बोलताना लोक ‘बकुळ’ म्हणतील आणि रुग्णवाहिकेला सांगताना ‘एक नंबर’. फ्लॅटचा आकडाही तोडून सांगायची सवय लावावी, ‘तीन, शून्य, चार’ अशी. मराठीतले ‘एकोणसाठ’ आणि ‘एकोणसत्तर’ आपल्यातच एकमेकांशी भांडतात, हिंदी ऐकणाऱ्याची तर बोलायलाच नको.

आकड्यांचा विषय निघालाच आहे तर एक आठवण. आपल्याकडे सारख्या नावांची गावं इतकी की टपाल भलतीकडे जायचं. त्यावर १९७२ साली १५ ऑगस्टला सहा आकडी पिनकोड सुरू झाला. तो आखणारे टपाल खात्यातले अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतचे कवीही होते. शब्दांवर प्रेम करणाऱ्या माणसाने गावांच्या नावांना आकडे लावले, कारण नाव एकट्याने पत्त्याचं काम करू शकत नाही हे त्यांनी ओळखलं होतं. २०२५ साली टपाल खात्याने आणखी एक पाऊल टाकलं. ‘डिजिपिन’ नावाच्या दहा अक्षर-आकड्यांच्या खुणेने देशातला साधारण चार मीटर लांब-रुंद एवढा प्रत्येक चौकोन सांगता येतो. फाटकाची अशी खूण काढून ठेवावी, सोसायटीच्या सूचना फलकावर लावावी. पण ती कुणी तोंडाने सांगणार नाही. तोंडाने नावच सांगितलं जाईल.

आणि नकाशावर खूण कुठे टोचायची? बहुतेक सोसायट्यांची ती खूण भूखंडाच्या मधोमध असते. नकाशा मग सगळ्यांत जवळच्या रस्त्यावर माणसाला आणून सोडतो, आणि तो रस्ता अनेकदा मागच्या भिंतीचा निघतो. पलीकडे स्वयंपाकघराच्या खिडक्या दिसतात, फाटक नाही. खूण फाटकावर ठेवा. गाड्यांचं फाटक आणि पायी येणाऱ्यांचं फाटक वेगळं असेल तर गाड्यांच्या फाटकावर. एवढ्या एका दुरुस्तीने चौकीदाराला दिवसभर येणाऱ्या फोनांपैकी बरेच थांबतात.

हे सगळं कधी करायचं, यात खरी मेख आहे. रहिवाशांना वाटतं, ताबा मिळाला, सगळे राहायला आले, की सावकाश बसून नाव ठरवू. तोवर उशीर झालेला असतो. रेराच्या महाराष्ट्रातल्या नियमांप्रमाणे प्रकल्पातले ५१ टक्के फ्लॅट नोंदले गेले की तीन महिन्यांत सोसायटी स्थापनेसाठी बिल्डरने पावलं उचलायची असतात. म्हणजे बहुतेकांनी एकमेकांची तोंडंही पाहिलेली नसतात तेव्हा. मुख्य प्रवर्तक ठरतो, तो उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयात नाव राखून ठेवण्यासाठी आणि बँकेत खातं उघडण्याच्या परवानगीसाठी अर्ज करतो. कागद बिल्डरच्या वकिलाने तयार केलेले असतात, आणि नाव प्रकल्पाचंच टाकलेलं असतं. सह्या करताना तो रकाना कुणी वाचत नाही. मग ‘अमुक ग्रीन व्ह्यू सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित’ असं नाव कायमचं होऊन बसतं.

नंतर बदलता येतं. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १५ मध्ये त्याची सोय आहे : सर्वसाधारण सभेचा ठराव आणि निबंधकांची मान्यता. पण नाव उपविधींत पहिल्याच कलमात असतं, त्यामुळे उपविधी दुरुस्त करावे लागतात. मग पॅन, बँक, भागपत्रं, वीज आणि पाण्याची बिलं, मालमत्ता कर, विमा. प्रत्येक रहिवाशाचा आधार आणि गृहकर्जाचे कागद यांत जुनं नाव तसंच राहतं, ते निराळं. फ्लॅट विकताना खरेदीदाराची बँक विचारते की ही दोन नावं एकाच इमारतीची कशी. एका ठरावाने नाव बदलतं, पण कागद वर्षानुवर्षं जुळत राहतात. काही करारनाम्यांत तर स्पष्ट लिहिलेलं असतं की बिल्डरच्या लेखी संमतीशिवाय इमारतीचं नाव बदलायचं नाही. ते कलम सही करण्याआधी वाचलं असतं तर बरं झालं असतं, असं नंतर सगळेच म्हणतात.

अर्ज करताना एकच नाव देऊन चालत नाही, पसंतीक्रमाने दोन-तीन द्यावीत, कारण तेच किंवा फार सारखं नाव आधी नोंदलेलं असेल तर कार्यालय ते नाकारतं. एका मोठ्या वसाहतीत टप्प्याटप्प्याने तीन-चार सोसायट्या नोंदल्या जाणार असतील तर पहिल्याच टप्प्यात सगळ्यांची नावं एकदम ठरवून ठेवावीत. नाहीतर पहिली होते ‘उंबरपट्टी’, दुसरी होते ‘उंबरपट्टी फेज टू’, आणि तिसरीवाले भांडून ‘रॉयल’ काहीतरी घेतात. सरकारी संस्थेचा किंवा सरकारच्या आश्रयाचा भास होईल असं नाव घेऊ नये. छत्रपती शिवाजी महाराज, महात्मा गांधी यांच्या नावांच्या व्यापारी वापरावर तर १९५० च्या बोधचिन्हं व नावं यांबाबतच्या केंद्रीय कायद्याने बंधन घातलेलं आहे. आदरापोटीही हे नाव ठेवायचं मनात आलं तर आधी निबंधक कार्यालयात विचारून घ्यावं.

शेवटी उरते पाटी. नाव कितीही चांगलं असलं तरी सोनेरी पितळी अक्षरं काळ्या ग्रॅनाइटवर बसवली की दुपारी चकाकतात आणि रात्री दिसत नाहीत. त्यात पाटी भिंतीला समांतर असते, म्हणजे समोर उभा राहणाऱ्याला दिसते, गाडीत बसून येणाऱ्याला नाही. गाडीचा वेग तासाला चाळीस किलोमीटर असेल तर ती सेकंदाला सुमारे अकरा मीटर जाते. नाव वाचायला, ओळखायला आणि वेग कमी करायला चार सेकंद तरी हवीत, म्हणजे साधारण पंचेचाळीस मीटरांवरून, दीडशे फुटांवरून, ते वाचता यायला हवं. पाटी रंगवणाऱ्यांचा अंदाज असा की आरामात वाचायचं तर दर दहा फुटांना अक्षराची उंची एक इंच, आणि ओढूनताणून वाचायचं तर दर पंचवीस फुटांना एक इंच. या हिशेबाने सहा इंचांच्या खाली जाऊच नये, आणि बारा-पंधरा इंच असेल तर उत्तम. देवनागरीत ही उंची शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंत मोजायची. वरच्या वेलांटीला आणि खालच्या उकाराला जागा वेगळी सोडावी लागते, नाहीतर ‘उंबर’चा अनुस्वार पाटीच्या चौकटीत अडकून ‘उबर’ होतो, आणि मग कॅबवाले समजतील की थांबा आपलाच आहे.

मुख्य पाटीखेरीज एक छोटी पाटी रस्त्याला काटकोनात, दोन्ही बाजूंनी वाचता येईल अशी खांबावर लावावी. तिच्यावर नाव, आणि खाली बाण. बोधवाक्य, ‘वेलकम’, फुलांची नक्षी यांतलं काही नको. मोठ्या पाटीवर नावाबरोबर नोंदणी क्रमांक आणि पत्ता हवा, उपविधींनाही ते अपेक्षित असतं, पण ती अक्षरं बारीक असली तरी चालतात, कारण ती गाडीतून कुणी वाचत नाही.

तुमचा प्रकल्प अजून उभा राहत असेल, तर आज करारनाम्याच्या मागची जोडपत्रं काढा. त्यात जुना सातबारा असेल. जमीन नगर भूमापनात गेली असेल आणि मालमत्ता पत्रकच जोडलेलं असेल तर त्याआधीचा सातबारा मागवा. ‘शेताचे स्थानिक नाव’ हा रकाना वाचा. तो रिकामा असला तर रस्त्याच्या पलीकडे अजून ज्यांची शेती किंवा गोठा आहे त्यांच्यापैकी एखाद्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, की बाबा, इथे आधी काय होतं, आणि या तुकड्याला तुम्ही काय म्हणत होता. आणि हे उपनिबंधकांकडच्या अर्जावर सही करण्याआधी विचारा.